हिरव्याचा पिन

मॉनिटर गुलाबी दिसतो म्हणून कुणी मेलंय असं मी तीस वर्षांत ऐकलं नाही, आणि म्हणूनच चंद्रप्रकाशभाऊंचा फोन मी तीनदा टोलवला. आता खोटं कशाला बोलू?

मी प्रेमा. भांडुपला माझं छोटं दुकान आहे. मॉनिटर, प्रिंटर, सोसायट्यांचे कॅमेरे, जे येईल ते दुरुस्त करते. जाड काचेचे मॉनिटर होते तेव्हापासून या धंद्यात आहे. बाईमाणूस बघून आधी लोक ‘मालक कुठायत’ विचारायचे, आता विचारत नाहीत. तोंड वाईट आहे माझं, सगळ्यांना माहितीये. हात चांगला आहे म्हणून चालवून घेतात.

मुलुंड पश्चिमेला डोंगराला लागून वनराई नावाची सोसायटी आहे. तिच्या पाठच्या भिंतीपलीकडे सरळ जंगल. भिंतीत एक लोखंडी गजांचं छोटं दार आहे, माळी पालापाचोळा टाकायला वापरतो. तिथले आठ कॅमेरे मीच बसवलेत. ते वॉचमनच्या केबिनमधल्या एका जुन्या मॉनिटरवर दिसतात. मॉनिटर इतका जुना, की त्याला मागून ती निळ्या तोंडाची, दोन बाजूंना स्क्रू असलेली केबलच लागते. व्हीजीए म्हणतात तिला.

दोन महिन्यांपूर्वी त्या केबलचा एक पिन वाकला होता. कुणीतरी साफसफाई करताना प्लग उपटला आणि तिरका खुपसला, दुसरं काय. मी चिमट्याने पिन सरळ केला, पण तो आत ढिला झाला होता. प्लग लावला की कधी टेकायचा, कधी मागे सरकायचा. केबल बदलायला हवी होती. मी काय केलं? प्लगखाली कागदाची घडी कोंबली, वरून काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हटलं, चालेल. ही माझी करणी. पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

पंधरा दिवसांत फोन आला की चित्र गुलाबी झालं. मी विचारलं, माणसं दिसतात ना? दिसतात. गाड्यांचे नंबर दिसतात? दिसतात. मग रंगाचं काय लोणचं घालायचंय, म्हटलं, येईन सवडीने. तिथला वॉचमन चंद्रप्रकाशभाऊ देवरुखचा साधा माणूस. ‘बरं ताई,’ म्हणाला आणि गुलाबी चित्र बघत बसला. महिनाभर बघितलं की डोळ्यांना तेच खरं वाटायला लागतं.

परवाच्या गुरुवारी दुपारी साडेतीनला सोसायटीच्या सुबोधचा फोन आला. त्याची आई सकाळपासून सापडत नव्हती. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर काढून पोलिसांना द्यायचं होतं, आणि ते तिथे कुणाला जमेना. मोबाइलवर कॅमेरे बघायची सोय मी कधीच करून दिली होती, पण तिचा पासवर्ड आधीच्या सेक्रेटरीकडे, आणि तो दुबईला. मी हातातलं काम टाकून तशीच रिक्षात बसले.

केबिनमध्ये चंद्रप्रकाशभाऊ खुर्चीच्या कडेला बसला होता आणि त्याच्या शेजारी सुबोधची मुलगी तेजल उभी होती. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला आहे ती. डोळे रडून सुजलेले. सुबोध आणि बाकीचे लोक स्टेशन, तलाव, बसस्टॉप, दवाखाने असं सगळीकडे फिरत होते.

तेजलने सांगितलं ते असं. आजीचं नाव रुक्मिणी, वय एक्याऐंशी. आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली, पण हल्ली आजी ते विसरते. चार दिवसांपूर्वी तिने ट्रंकेतून लग्नानंतरची हिरवी साडी काढली, पिवळ्या काठाची, आणि रोज पहाटे तीच नेसायला लागली. ‘ते यायचेत’ म्हणायची. घरात सगळ्यांना कसंतरी व्हायचं, पण कुणी टोकलं नाही. आज पावणेनऊला बाबा उठवायला गेले तर अंथरूण रिकामं. सकाळी आई स्वयंपाकघरात, तेजल झोपलेली, दार कधी उघडलं ते कुणाला कळलं नाही.

‘पाठचं जंगल?’ मी विचारलं.

चंद्रप्रकाशभाऊ खाली बघत म्हणाला, की तिकडून गेलेल्या नाहीत. पाठच्या दाराला आतून कडी होती, नऊ वाजता सगळ्यांनी जाऊन बघितलं. बाहेर गेलेलं माणूस आतून कडी कशी घालेल? तरी दार उघडून चार हाका मारल्या, ओ आली नाही, मग सगळे स्टेशनकडे गेले. आणि रेकॉर्डिंगही त्याने सकाळपासून दोनदा बघितलं होतं, आठही कॅमेऱ्यांचं.

‘हिरवी साडी सांगितली होती ताई,’ तो म्हणाला. ‘हिरवं काही गेलंच नाही.’

मी पडद्याकडे बघितलं. सोसायटीची पांढरी भिंत गुलाबी. आकाश जांभळट. पुढच्या बागेतली मेंदीची कुंपणं काळी. पाठचा डोंगर, तो एवढा मोठा हिरवागार डोंगर, जळून गेल्यासारखा काळपट. त्या अख्ख्या पडद्यावर हिरवा रंगच नव्हता. एक ठिपका नव्हता. आणि हा माणूस सकाळपासून त्यात हिरवी साडी शोधत होता.

मी काही बोलायच्या आत तेजल म्हणाली, की तिने मघाशी प्लग काढून बघितला होता, मधल्या ओळीतला एक पिनच नाहीये, म्हणून असं होत असेल. मी प्लग उपसला. ती म्हणत होती तो नवव्या नंबरचा पिन. तो पुष्कळ केबलींना मुळातच नसतो, ती जागा रिकामीच येते, आणि रंगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. रंग असतात वरच्या ओळीत. पहिला पिन लाल, दुसरा हिरवा, तिसरा निळा. तिन्ही मिळून पांढरा होतो. दुसरा पिन आत बसला होता, खचलेल्या दातासारखा, बाकीच्यांपेक्षा खाली. मी सरळ केलेला तोच.

‘रेकॉर्डिंगला काही झालेलं नाही,’ मी तिला म्हटलं. ‘त्यात सगळे रंग आहेत. फक्त इथपर्यंत पोचत नाहीत.’

नवी केबल माझ्याकडे नव्हती. मी पेनड्राइव्हच्या कामाला आले होते, बॅगेत स्क्रूड्रायव्हर आणि चिमटा, बस. आठ कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर उतरून दुसरीकडे बघायचं तर तास गेला असता. बाहेर उन्हं कलायला लागली होती. डोंगराआड सूर्य लवकर जातो तिथे. आणि अंधार पडल्यावर त्या भिंतीपलीकडे काय फिरतं ते मुलुंडच्या पोरालाही माहीत आहे. भिंतीवर बिबट्याची पाटी आहे.

प्लग परत लावून तो अंगठ्याने खालून वर दाबून धरला तर पिन टेकेल, असं मला वाटलं. मी वाकले आणि मग आठवलं, एक गोष्ट आधी विचारायला हवी.

‘भाऊ, हिरवं दिसलं नाही. दुसरं काही दिसलं? काळं?’

त्याने दाराच्या चौकटीकडे बघितलं. मी परत विचारलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि केबिनमध्ये पंखा चालू होता. मग हळूहळू त्याने सांगितलं, आणि मी आयुष्यात पुष्कळ भुताच्या गोष्टी ऐकल्यात, आमच्या गावी तर घराला एक असते, पण अशी ऐकली नव्हती.

मंगळवारपासून पाठच्या कॅमेऱ्यात ते येत होतं. सकाळी सातच्या आत. झाडीच्या काळ्यामधून एक लाल रेघ चालत यायची. नुसती रेघ, जमिनीपासून वीतभर वर, हलत हलत. तिच्या वर दुसरी रेघ, कमानीसारखी, डोक्याच्या उंचीवर. त्या कमानीच्या आत डोकं नव्हतं, काळं होतं. ती दारापाशी जायची, दार आपोआप उघडायचं, ती पलीकडे जायची. अर्ध्या तासाने परत यायची. त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर म्हातारा झाला म्हणून नोकरीवरून काढतील. सकाळी पाठच्या बाजूची फेरी त्याने बंद केली. घरून अंगारा आणून केबिनच्या चौकटीला लावला.

‘आणि आज?’

आज ती रेघ बाहेर गेली तेव्हा त्याने मनाशी ठरवलं. देवाचं नाव घेत, मान खाली घालून पाठी गेला, दार ओढलं आणि आतून कडी घातली. परत आत यायला नको.

तेजलला अजून समजलं नव्हतं. मला समजलं होतं. पिवळ्यात काय असतं? लाल आणि हिरवा. त्यातला हिरवा काढून घेतला की लाल उरतो. आणि हिरव्यातून हिरवा काढला की काळं उरतं. हिरवी साडी आणि पिवळा काठ. तो हिरव्या बाईला शोधत होता आणि लाल बाईला लपवत होता.

‘मी तुम्हाला फोटो पाठवला होता ताई,’ तो म्हणाला. ‘मंगळवारी.’

मी मोबाइल काढला. होता. पडद्याचा वाकडातिकडा काढलेला फोटो, काळ्या झाडीत ती लाल कमान, खाली लिहिलेलं, ‘ताई हे काय आहे’. आणि त्याखाली माझं उत्तर. ‘केबल ढिली आहे. लक्ष देऊ नका.’ पुढे एक अंगठा. मी तर त्या फोटोकडे नीट बघितलंही नव्हतं, भाजी निवडत होते.

‘तेजल,’ मी म्हटलं, ‘पाठचा कॅमेरा लाव. सकाळी पावणेसातपासून. माऊस तू धर, मी मागे आहे.’

मी मॉनिटरच्या मागे हात घातला, गाल त्याच्या गरम पाठीला टेकवला आणि प्लग अंगठ्याने वर दाबला. मला तिथून पडदा दिसत नव्हता. मला दिसत होता फक्त चंद्रप्रकाशभाऊचा चेहरा. आधी त्याच्यावर गुलाबी उजेड होता. मी अंगठा थोडा डावीकडे सरकवला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड पांढरा झाला. त्याचं तोंड उघडं राहिलं. खुर्चीच्या कडेवरून घसरून तो खाली जमिनीवर बसला.

‘आजी आहे,’ तेजल म्हणाली.

मग तिने बघून बघून सांगितलं आणि मी मॉनिटरच्या पाठी ऐकलं. सहा बावन्न. आजी चालत जातेय, डोक्यावरून पदर तोंड झाकेल इतका पुढे ओढलेला, हातात फुलांची परडी. कडी काढतेय. बाहेर गेली. दार नुसतं लोटलंय. सात पाच, वॉचमनकाका आले. खाली बघतायत. कडी घातली. गेले. मग काहीच नाही. तेजलने पुढे सरकवलं. सात एकतीस.

‘ती परत आलीये,’ तेजल म्हणाली. ‘गजांच्या पलीकडे उभी आहे. दार हलवतेय.’

माझा अंगठा दुखून सुटला, आणि चंद्रप्रकाशभाऊच्या चेहऱ्यावर परत गुलाबी पसरलं. ‘गेली,’ तेजल ओरडली, ‘परत ती रेघच झाली.’ मी दात खाऊन परत दाबलं. दोनदा अशी आली आणि गेली. जिवंत माणूस माझ्या अंगठ्याखाली दिव्यासारखं लागत-विझत होतं. त्या पोरीची काय हालत झाली असेल ती तिलाच ठाऊक.

‘आता कॅमेऱ्याकडे बघतेय. हात करतेय. बोलतेय काहीतरी.’ तेजलने परत पुढे सरकवलं. ‘अजून हात करतेय. आठ वाजले. अजून करतेय.’

चंद्रप्रकाशभाऊ जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाला, की तेव्हा तो इथेच होता. दाराशी रेघ उभी राहिली आणि हलायला लागली, ती आत घ्या म्हणून सांगतेय असं त्याला वाटलं. साडेसात ते साडेआठ त्याने मॉनिटर बंद करून ठेवला होता. दुपारी रेकॉर्डिंग बघतानाही तो तुकडा त्याने डोळे मिटून पुढे ढकलला होता.

‘आठ दहाला गेली,’ तेजल म्हणाली. ‘वळून वर गेली. डाव्या हाताला, पायवाटेने.’

मी प्लग सोडला. तेजल केव्हाच सुबोधला फोन लावत पळत सुटली होती.

त्यानंतर मी सोसायटीत थांबून पेनड्राइव्ह भरत बसायला हवं होतं, माझं काम ते. मी नाही बसले. सुबोध स्टेशनवरून रिक्षाने येईपर्यंत पाच वाजून गेले होते. सोसायटीतली चार माणसं काठ्या, टॉर्च घेऊन आली, तेजलला तिच्या आईपाशी ठेवलं. चंद्रप्रकाशभाऊ सगळ्यांच्या पुढे. त्या दारापाशी मात्र तो कडीला हात लावेना. मी काढली. फार सोपी कडी होती, पोराने काढावी अशी. पण आतूनच, गजांमधून हात जायला जागा नाही.

पलीकडे पायवाट लगेच चढते. पानं सुकून पडलेली, पाय टाकला की एवढा आवाज होतो की दुसरं काही ऐकू येत नाही, म्हणून दर वीस पावलांवर थांबून हाका मारायच्या आणि कान द्यायचे. काही नाही. पाखरंसुद्धा गप्प होती. पाठीमागे सोसायटीच्याच बिल्डिंगची गच्ची झाडांवरून दिसत होती, वाळत घातलेले कपडे दिसत होते, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू आली. एवढ्या जवळ माणूस हरवतो. मी मनात म्हणत होते, गो बाय, फक्त बसलेली असू दे. पडलेली नको.

वर डाव्या हाताला सुकलेल्या ओढ्यापाशी सुबोध एकदम थांबला. समोर सगळी झाडीच होती, आणि उजेड इतका उतरला होता की झाडीचा हिरवा रंग काळा व्हायला लागला होता. त्या काळ्यात, जमिनीलगत, एक पिवळी रेघ होती. चंद्रप्रकाशभाऊने ती पाहिली आणि दोन पावलं मागे सरला. मी त्याचा दंड धरला. खोटं कशाला सांगू, मीही पुढे पाऊल टाकलं नाही.

मग रेघ हलली.

आजी दगडाला टेकून बसली होती. घोटा सुजून टम्म झालेला, ओठ फाटलेले, परडी मांडीवर नीट ठेवलेली. हाका ऐकत होती, पण घसा बसल्यामुळे तिच्या तोंडून नुसती हवा येत होती. सुबोध तिच्या पायाशी कोसळला आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. कुणीतरी पाणी पाजलं. दोन घोट घेतल्यावर तिला थोडा आवाज फुटला. सुबोधच्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली, ‘यांना बघायला आले होते रे. परत गेले तर दार लागलेलं.’

चंद्रप्रकाशभाऊ मान वर करेना.

आजीने आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. माझ्याकडे बघून थांबली. मी तिच्या ओळखीची नव्हते, पण बाई मी एकटीच होते तिथे, म्हणून असेल. ‘मी कॅमेऱ्याला हात करत होते गो,’ ती म्हणाली. ‘किती वेळ. मंगळवारपासून रोज येते-जाते, एकही माणूस भेटत नाही, कुणी हटकत नाही. आज ओरडले तरी कुणी आलं नाही. कुणालाच दिसले नाही का मी?’

सुबोधने आमच्याकडे बघितलं. त्याला कडीचं आणि केबलचं अजून काहीच माहीत नव्हतं. मला गप्प बसता आलं असतं. केबल बदलून टाकली असती तर पिनाचं नाव कुणाला कळलं नसतं.

‘दिसलात, आजी,’ मी म्हटलं. ‘यांनाही दिसलात आणि मलाही दिसलात. मंगळवारीच. फोटो आहे माझ्याकडे. आम्हीच लक्ष दिलं नाही.’

सुबोध हळूहळू उभा राहिला. आजी मात्र रागावली नाही. तिने मोठा श्वास सोडला, तिचे खांदे खाली आले, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा ती हसली.

‘मग बरं,’ ती म्हणाली. ‘मला वाटायला लागलं होतं, मी मेलेय की काय.’